गॅरेज बंद आहे, असं सांगणारी दसऱ्याची पोस्ट

सोलापुरात दुचाकीचं एक छोटं गॅरेज आहे. मालक स्वतः मिस्त्री, हाताखाली एक पोरगा, आणि गर्दीच्या दिवसांत मदतीला भाचा. 2025 च्या दसऱ्याला या गॅरेजसाठी शुभेच्छांची पोस्ट मी लिहून दिली. छोट्या दुकानांसाठी असा मजकूर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे अर्ध्या तासात होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन मसुदे बाद झाले, तिसरा गेला, आणि त्यातही एक चूक राहिली.

त्या वर्षीचा दसरा साधा नव्हता. सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात पावसाने कहर केला होता. सीना नदीला महापूर आला, करमाळा, माढा, मोहोळकडच्या गावांत पाणी शिरलं. पिकं गेली, जनावरं गेली, घरं चिखलाने भरली, आणि त्याच चिखलात असंख्य दुचाक्या बुडाल्या. दुसरीकडे 22 सप्टेंबरपासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला होता, त्यामुळे मोबाइल उघडावा तर नव्या गाड्यांच्या जाहिराती. दसरा 2 ऑक्टोबरला, गुरुवारी होता. मिस्त्रींचा फोन आला तेव्हा मध्ये चार-पाच दिवस उरले होते.

भाच्याने मजकूर तयारच ठेवला होता. सणाचे बॅनर बनवून देणाऱ्या अ‍ॅपमधलं चित्र: धनुष्य ताणलेला राम, मागे जळणारा रावण, कोपऱ्यात मिस्त्रींचा पासपोर्ट फोटो. खाली असं होतं: ‘विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा! दसऱ्यानिमित्त सर्व्हिसिंगवर खास सवलत! पुरात बुडालेल्या गाड्यांची खात्रीशीर दुरुस्ती. आजच भेट द्या!’ आणि फोन नंबर, शुभेच्छांपेक्षा मोठ्या अक्षरांत.

भाच्याचा हेतू वाईट नव्हता. गाड्या खरंच बुडाल्या होत्या आणि त्या दुरुस्त करणं हेच यांचं काम. पण हा मजकूर मोहोळजवळच्या एखाद्या गावात, घरातला चिखल खराट्याने बाहेर लोटणाऱ्या माणसाच्या हातात पडला तर तो काय वाचेल? त्याची बुडालेली गाडी इथे सवलतीच्या ओळीखाली, उद्गारचिन्हांच्या रांगेत बसलेली आहे. तिचं नुकसान म्हणजे दुकानदाराचा हंगाम, असाच अर्थ निघतो. पूर, सण आणि सवलत या तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या की हे होणारच.

सवलतीलाही अर्थ नव्हता. दसऱ्याच्या दिवशी गॅरेज उघडं असतं का, असं मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, “नाही ओ ताई. खंडेनवमीला पाने पाटावर ठेवले की दसरा होईपर्यंत हात लावत नाही आम्ही.” म्हणजे ज्या दिवशी ‘आजच भेट द्या’ म्हणायचं, त्या दिवशी शटर खाली! अ‍ॅपमधला मजकूर कुठल्याही दुकानाला बसतो, म्हणून या दुकानाची खरी गोष्टच त्यातून सुटली होती.

दुसरा मसुदा माझा, आणि तोही चुकला. पुराचं भान ठेवायचं म्हणून मी सुरुवातच पुरापासून केली. ‘सीनामाईच्या कोपाने आपल्या बांधवांचे संसार उघड्यावर आले. या दुःखात आम्ही सहभागी आहोत...’ अशा चार ओळी, मग साधेपणाने दसरा साजरा करूया, आणि शेवटी गॅरेजचं नाव. सवलत काढली, उद्गारचिन्हं काढली. मला वाटलं, झालं. मिस्त्रींनी वाचून फोन परत दिला आणि म्हणाले, “हे चांगलंय, पण याचं करायचं काय त्या माणसानं?”

त्यांचा प्रश्न बरोबर होता. दुःखाच्या चार ओळींखाली दुकानाचं नाव छापलं की त्या ओळी नावासाठी मखर होऊन बसतात. भाच्याने नुकसानीवर सवलत ठेवली होती, मी सहानुभूती ठेवली होती. दोन्हींत वाचणाऱ्याला काहीच मिळत नव्हतं आणि दुकानाचं नाव मात्र पोचत होतं. जाहिरात मऊ शब्दांत केली म्हणून संधिसाधूपणा कमी होत नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

मग आम्ही मजकूर बाजूला ठेवला आणि मी गॅरेजमध्ये जाऊन बसले. सोमवारी दुपारी तिथे खंडेनवमीची तयारी चालू होती. पोरगा रॉकेलच्या डब्यात पाने बुडवून चिंधीने पुसत होता: दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, रिंग पाने वेगळे, प्लग पाना वेगळा, मग पुलर, पक्कड, हातोडी. वर्तमानपत्रावर मापाप्रमाणे रांग लागत होती. एक बारा-तेराचा पाना झिजून त्याचं तोंड इतकं पसरलं होतं की तो बोल्टवर नुसता फिरतो. तो कामाला येत नाही, पण पूजेत पहिला असतो, कारण मिस्त्रींनी काम शिकायला सुरुवात केली ती त्या पान्याने.

आश्विन शुद्ध नवमी ही शस्त्रांच्या पूजेची. शेतकरी अवजारं पुजतो, सुतार रंधा आणि करवत, शिंपी मशीन, ड्रायव्हर गाडी. म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस हा गॅरेजवाल्याचा स्वतःचा सण आहे. त्याला रामाचं चित्र उसनं आणायची गरज नव्हती. वर्तमानपत्रावरच्या त्या रांगेचा फोटो मी तिथेच, दाराच्या उजेडात काढला. चित्रावर अक्षरं टाकायची नाहीत असं ठरलं. चित्रातला मजकूर मोठा करून वाचावा लागतो, कॉपी होत नाही, आणि वयस्कर माणसं तो सोडूनच देतात. मजकूर फोटोखाली, साध्या मेसेजमध्ये.

एक गोष्ट तिथे बसल्यामुळेच कळली. हाताखालचा पोरगा दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार होता. 1956 मध्ये बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती अशोक विजयादशमीला, 14 ऑक्टोबरला. त्यामुळे दसरा हा त्याच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. त्याच्या वस्तीतली बरीच गिऱ्हाइकं याच गॅरेजची. रावणदहनाचं चित्र पाठवलं असतं तर अर्ध्या गिऱ्हाइकांना त्यांचा दिवस सोडून शुभेच्छा गेल्या असत्या. मिस्त्री लगेच म्हणाले, “दोन्ही लिहा की मग. पोरगं आमचंच आहे.”

आता मजकुरात काय घालायचं? मी मिस्त्रींना विचारलं की या आठवड्यात लोक गाडीबाबत कुठली चूक करतात. ते सलग वीस मिनिटं बोलले, आणि पोस्ट तिथेच तयार झाली.

पहिली चूक पूजेतली. लोक उत्साहाने पुढच्या चाकाला, डिस्कला हळदकुंकू लावतात, तेलातुपाचा हात तिथेच फिरतो. डिस्कला तेल लागलं आणि ते पॅडपर्यंत गेलं की ब्रेक धरत नाही. सोनं वाटायला निघालेला माणूस पहिल्या चौकात ब्रेक दाबतो आणि गाडी पुढे जाते. दुसरी गोष्ट हाराची. झेंडूचा लांब हार हँडलला गुंडाळला की त्याचा दोरा केबलमध्ये किंवा चाकात जाऊ शकतो. कुंकू टाकीला किंवा हेडलाइटवर लावावं, हार बांधला तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावं, आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी तो सोडावा. धुतलेल्या गाडीचे ब्रेक सावकाश चालवत दोन-चार वेळा दाबावेत म्हणजे आतलं पाणी निघतं.

दुसरी चूक बुडालेल्या गाडीची, आणि ती महागात जाते. पाणी ओसरलं की माणूस आधी काय करतो? चालू होते का बघतो. किक मारतो, सेल्फ दाबतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी उघडून, वाळवून, ऑइल बदलून चालली असती, तिचं इंजिन उतरवायची वेळ येते. म्हणून किल्ली फिरवायचीच नाही. मिस्त्री आधी बॅटरीची वायर सोडतात, प्लग काढतात, मग हळूहळू किक मारून प्लगच्या भोकातून पाणी बाहेर काढतात. ऑइल खाली सोडून बघतात. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलेलं असतं. मग नवं ऑइल घालायचं, थोडा वेळ इंजिन फिरवायचं, आणि तेही काढून पुन्हा नवं घालायचं. एअर फिल्टर बदलायचा, पेट्रोल काढून टाकायचं, ब्रेकचे ड्रम उघडून गाळ धुवायचा.

हे सगळं पोस्टमध्ये द्यायचं का? मी म्हटलं, नको. बॅटरीपासून पुढचं काम पान्याचं आहे, आणि नवीन इंजेक्शनच्या गाड्यांत घरी छेडछाड केली तर नुकसान वाढतं. वाचणाऱ्याला स्वतः करता येईल आणि आजच करायला हवं, तेवढंच द्यायचं. त्यात विम्याची एक ओळ मिस्त्रींनीच घातली. पुराचं नुकसान नुसत्या थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर मिळू शकतं. पण त्यासाठी गाडी उघडण्याआधी, धुण्याआधी फोटो काढून कंपनीला कळवावं लागतं. आणि बुडालेली गाडी चालू करायला गेल्यामुळे इंजिन गेलं तर तो खर्च कंपन्या बहुधा नाकारतात. ही ओळ मला फार मोलाची वाटली. गाडी आपल्याकडे यायला तिच्यामुळे उशीर होतो, कदाचित ती दुसरीकडेच जाते, आणि तरी मिस्त्री सांगताहेत.

याच धाग्याने ‘आमच्याकडे आणा’ ऐवजी ‘जवळच्या मिस्त्रीकडे न्या’ असं लिहायचं ठरलं. भाचा थोडा नाराज झाला. पण माढ्याकडचा माणूस बंद गाडी सोलापूरपर्यंत ढकलत आणणार नाही. त्याला आमच्याकडे बोलावणं म्हणजे त्याचा विचार न करता आपला विचार करणं.

मजुरीचा प्रश्न शेवटी आला. पुरातल्या गाडीचं पाणी काढायची, वाळवायची मजुरी घ्यायची नाही असं मिस्त्रींनी आधीच ठरवलं होतं. ते पोस्टमध्ये लिहायला मात्र तयार नव्हते. “दान केलं ते ओरडून सांगू नये.” मला हे पटलं आणि पटलंही नाही. ज्याला गरज आहे त्याला कळलंच नाही तर तो येणार कसा? आम्ही मधला मार्ग काढला. ‘मोफत’ हा शब्द वापरायचा नाही, मथळ्यात काही नाही, कोणाच्या गाडीचा फोटो नाही. शेवटाकडे एक ओळ, आणि ती अगदी नेमकी: कुठली मजुरी घेणार नाही, कशाचे पैसे लागतील, दिवसाला किती गाड्या होतील. ‘पूरग्रस्तांना सर्वतोपरी मदत’ असं लिहिणाऱ्याला दारात आलेल्या माणसाशी नंतर घासाघीस करावी लागते. आकडा लिहिला की ती वेळ येत नाही.

वेळही बदलली. दसऱ्याच्या सकाळी प्रत्येकाच्या फोनवर शुभेच्छांचा ढीग असतो, त्यात कोणी काही वाचत नाही. शिवाय तोवर पूजा होऊन गेलेली असते, कुंकू डिस्कला लागलेलं असतं. म्हणून मंगळवारी, 30 सप्टेंबरला संध्याकाळी सात वाजता, खंडेनवमीच्या आदल्या रात्री पाठवायचं ठरलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत 256 जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. गॅरेजवाल्याला हे सोयीचं आहे. गाडी बंद पडल्यावर लागेल म्हणून मिस्त्रीचा नंबर बहुतेकांकडे सेव्ह असतोच. ज्यांनी ठेवलेला नाही त्यांना सणाच्या निमित्ताने गाठायला जाऊ नये, असंही माझं मत आहे.

गेलेला मजकूर असा होता:

‘नमस्कार. उद्या खंडेनवमी. पाने, पुलर, कॉम्प्रेसर धुऊन पाटावर ठेवतोय, म्हणून उद्या आणि परवा गॅरेज बंद. शुक्रवारी सकाळी नऊला उघडेल.

गाडीची पूजा करताना डिस्कला तेल, तूप, कुंकू लागू देऊ नका, ब्रेक धरत नाही. कुंकू टाकीवर लावा. हार बांधला तर हँडल दोन्हीकडे वळवून बघा, आणि निघताना सोडून ठेवा.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर किल्ली फिरवू नका, किक मारू नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, विमा असेल तर कंपनीला कळवा, मग गाडी ढकलत जवळच्या मिस्त्रीकडे न्या. आमच्याकडे आणली तर पाणी काढून वाळवायची मजुरी घेणार नाही, ऑइल आणि पार्टचे बिलाप्रमाणे. दिवसाला चार गाड्या होतील, म्हणून आधी फोन करा.

तुम्हाला आणि घरच्यांना दसऱ्याच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा.’

खाली मिस्त्रींचं नाव, गॅरेजचं नाव, नंबर. नंबर एकदाच.

शुभेच्छा शेवटी का, असं भाच्याने विचारलं. पत्रात आपण खुशाली, कामाचं, मग ‘थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद’ असंच लिहायचो. आधी शुभेच्छा आणि मग माहिती आली की शुभेच्छा ही दार उघडायची युक्ती वाटते.

उत्तरं यायला तासाभरात सुरुवात झाली. बरीचशी हात जोडलेल्या चिन्हाची. काहींनी मात्र प्रश्न विचारले: पाणी फक्त अर्ध्या चाकापर्यंत होतं, तरी किक मारायची नाही का? विम्याचा कागदच वाहून गेला, आता? मिस्त्री जेवण बाजूला ठेवून उत्तरं देत होते. पाणी सायलेन्सरच्या वर गेलं होतं का ते सांगा, असं विचारत होते. सणाच्या पोस्टला लोक प्रश्न विचारतात, हे मी फारसं पाहिलेलं नव्हतं. पोस्ट कामाची झाली की नाही हे मी आता यावरूनच ठरवते. अंगठे आणि फुलं सगळ्यांनाच मिळतात.

चूक ‘आमच्याकडे आणली तर’ या ओळीत होती. एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं, “मिस्त्री, लोकांचं सगळं गेलंय, आणि ऑइलचे पैसे मागताय?” माणूस बेगमपूरकडचा, त्याचं शेत पाण्याखाली होतं. मी पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की मजुरी आणि बिल एकाच वाक्यात आल्यामुळे मदतीच्या शेपटाला मागणी लागली होती. बिलाचं वेगळ्या वाक्यात, कारणासह यायला हवं होतं: ऑइल आणि पार्ट आम्हालाही दुकानातून विकत आणावे लागतात, त्याचे तेवढेच घेऊ. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंतच बदलता येतो, ती वेळ टळून गेली होती. मिस्त्रींनी त्याला मेसेज केला नाही, फोन केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पुढे जो मजकूर गेला त्यात ते वाक्य वेगळं केलेलं होतं.

दुसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, पण भाच्याला ती लागली. मजकूर गावोगावच्या ग्रुपवर फिरला आणि फिरताना खालचं नाव, नंबर कोणीतरी कापून टाकला. पुरातल्या गाडीचा परिच्छेद तेवढा पुढे गेला. तीन दिवसांनी तो भाच्याच्याच फोनवर, त्याच्या सासुरवाडीच्या ग्रुपवरून, बिननावाचा आला. “आपण लिहिलं आणि आपलंच नाव नाही,” तो म्हणाला. नाव परिच्छेदाच्या मधोमध गुंफलं असतं तर टिकलं असतं, हे खरं. पण मग तो परिच्छेद इतक्या लोकांनी पुढे पाठवलाही नसता.

हे सगळं गॅरेजला जमलं कारण खंडेनवमी त्याची आहे, आणि त्या आठवड्यात लोकांना त्याच्याच हातातलं ज्ञान हवं होतं. त्यानंतर एका चष्म्याच्या दुकानदाराने हाच साचा मागितला. त्याच्याकडे दसऱ्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. ओढूनताणून ‘सोन्यासारखी दृष्टी’ करण्यापेक्षा नुसत्या शुभेच्छा आणि सुट्टीची तारीख पाठवा, असं मी त्याला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी मी गॅरेजवर गेले तेव्हा पाने पुन्हा भिंतीवरच्या खिळ्यांना लटकले होते, प्रत्येकावर कुंकवाचा ठिपका. दारात चार गाड्या चिखलाने राखाडी झालेल्या. तिघांनी किल्ली फिरवली नव्हती. चौथ्याने पोस्ट वाचण्याआधीच सेल्फ मारून पाहिला होता, आणि त्याच्या इंजिनचं झाकण उघडून मिस्त्री गप्प उभे होते.

दिवाळीसाठी पुन्हा असंच काही लिहूया का, असं त्यांनी विचारलं. दिवाळीत गाडीबाबत सांगण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “काही नाही.” मग दोनच ओळी गेल्या: ‘लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला गॅरेज बंद राहील. दिवाळीच्या शुभेच्छा.’